धागा: घर विकलं, गौरीजेवणाच्या रात्री वाचायला कविता लिहिली आहे. छंद तपासून द्याल का?

खळ्यातला

नमस्कार मंडळी. आमचं दापोली तालुक्यातलं घर विकलं. खरेदीखत जूनमध्ये झालं, पण यंदाचा गणपती त्याच घरात करायचा आणि त्यानंतर ताबा द्यायचा, असं घेणाऱ्यांशी ठरलं आहे. गौरीजेवणाला सगळे जमणार, लहानमोठी धरून चाळीस माणसं. रात्री आरती झाली की मी एक कविता वाचावी असं चुलत बहिणीने सुचवलं आणि मी हो म्हटलं. समोर आजी असेल. तिचं वय 88, एका कानाने ऐकू येत नाही. काका असतील, माझे बाबा, धाकटे काका, आत्या, आणि पुण्यात इंग्रजी शाळेत जाणारी भाचरंही.

मी अष्टाक्षरीत लिहिण्याचा प्रयत्न केला आहे. छंद बसलाय का एवढंच सांगा.

घर आमुचे जुने हे
आज परके जाहले
आठवणींच्या डोहात
डोळे पाण्याने न्हाले

ज्यांनी कुदळ घातली
आपुल्याच मुळांवर
त्यांना कसे कळणार
काय असते हे घर

तीन भावांचे अंगण
तीन भावांची सावली
पैशापुढे हरली हो
माती होती जी माउली

पाटावरवंटा

छान आहे, डोळ्यात पाणी आलं. पण अष्टाक्षरीत नुसती अक्षरं मोजून चालत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पण बघावं लागतं. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. तुझ्या प्रत्येक ओळीच्या मात्रा वेगळ्या येतायत. माझं मत विचारशील तर ओवी लिही. घराचा विषय आणि समोर आजी. ओवीला साडेतीन चरण, पहिल्या तिघांना यमक आणि अक्षरं ठरलेली.

सांजवात

पाटावरवंटा, मात्रांचा हिशोब जातींना लागतो, म्हणजे पादाकुलकासारख्या रचनेला. अष्टाक्षरी हा अक्षरछंद. इथे 'घ' पण एक आणि 'घा' पण एक. जोडाक्षरही एकच धरायचं, त्यामुळे 'ण्या' एक आणि 'न्हा' एक. साडेतीन चरणांचं म्हणता ते बरोबर आहे, ते ग्रंथातल्या ओवीचं वर्णन. पण जात्यावरच्या ओवीत अक्षरं ठरलेली नसतात. बाई दळता दळता एखादा स्वर ओढते नाहीतर एखादा 'गं' घालते, आणि जात्याच्या फेऱ्यात ओळ बसते. कागदावर मोजायला गेलात तर दर वेळी आकडा वेगळा येईल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या थोड्या ऐकल्या की मी काय म्हणते ते लगेच कळेल.

खळ्यातला, आता तुझी कविता. बोटं मोड. 'डोळे पाण्याने न्हाले' ही ओळ सात अक्षरांचीच आहे. बाकी सगळ्या आठाच्या. पण 'पैशापुढे हरली हो' मधला 'हो' फक्त आकडा भरायला आलाय. त्याला भरीचं अक्षर म्हणतात. मोजताना ते लपतं, मोठ्याने वाचताना मात्र तिथेच आवाज पडतो.

एवढंच विचारलंस म्हणून एवढं सांगितलं. पण मी तीस वर्षं मराठी शिकवलं आहे, त्यामुळे पुढचं न सांगता राहवत नाही. पहिलं कडवं कुणाच्याही घराला चालेल, आमच्या नाशिकच्या घरालासुद्धा. तुमच्या घरातली एकही वस्तू त्यात नाही. 'आमुचे', 'जाहले', 'आपुल्याच' ही तुझी बोली आहे का? आजीशी बोलताना तू 'जाहले' म्हणतोस का?

सातबारा_आधी

कविता नंतर. खरेदीखत झालं म्हणता, पण बहिणींच्या सह्या आहेत का? माझ्या मामेभावाच्या व्यवहारात दोन बहिणी राहिल्या आणि पाच वर्षं कोर्टात गेली. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. हक्कसोड पत्र केलं असेल तर ते नोंदवलंय का ते बघा. साध्या कागदावरचं चालणार नाही.

खळ्यातला

सातबारा_आधी, काळजीबद्दल आभार. हक्कसोड नाही. आत्याने स्वतः येऊन सही केली. खतावर चार सह्या आहेत आणि रक्कमही चौघांत सारखी वाटली गेली.

सांजवात ताई, 'जाहले' मी बोलत नाही. कवितेत तसंच लिहायचं असतं असं वाटलं होतं.

लांबचा_पल्ला

सह्या चार, मग कवितेत भाऊ तीनच कसे?

मी मेलबर्नहून लिहितेय. आमचा मिरजेचा वाडा 2011 मध्ये विकला, तेव्हा असाच मोठा कार्यक्रम केला होता. माझ्या चुलत भावाने पंधरा मिनिटांची कविता वाचली. 'चार खांब, चार भाऊ' असं होतं काहीतरी. आम्ही पाच बहिणी भिंतीला टेकून ऐकत होतो. त्या वाड्यातला प्रत्येक कोनाडा मी शेणाने सारवलाय, माझं नाव त्यात नव्हतं. पुढे एक कडवं विकणाऱ्यांवर आलं, तशी माझे थोरले काका ताटावरून उठले. चौदा वर्षं झाली, ते दोघं अजून बोलत नाहीत. तुमचं दुसरं कडवं वाचून माझ्या पोटात गोळा आला. ती 'कुदळ' कुणी घातली?

पाटावरवंटा

मात्रांच्या बाबतीत सांजवात ताईंचं मान्य. पण दुसऱ्या कडव्याचं मला पटत नाही. घर विकलं गेलं याचा राग कवितेत यायचा नाही तर कुठे यायचा? सगळं गोड गोड लिहिलं तर ते निरोपाचं भाषण होईल. नातवाला दुखलंय, ते दिसू दे.

कौलारू

मी हर्णै बाजूचा. 'कुदळ घातली' हे लिहिण्याआधी एक विचारतो. तिथे राहत कोण होतं?

आमच्याकडचं कौलारू घर दर मेमध्ये परतावं लागतं. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाशांना वाळवी लागली आहे का बघायचं, रिपा बदलायच्या आणि पावसाच्या आत पुन्हा चढवायची. वांदर एका दुपारी शंभर कौलं सरकवतात. ती जागेवर बसली नाहीत तर पहिल्या पावसात पाणी भिंतीत मुरतं. चिरा फुगत नाही, पण मातीचा गिलावा सुटतो आणि वाशाचं टोक भिंतीत बसतं ना, तिथूनच कुजायला लागतं. वरून वासा ठणठणीत दिसतो. ते टोक बोटाने दाबलं तर भुसा होतो. एक मे चुकला तर फार बिघडत नाही, तीन चुकले तर घर बसतं. वर्षातून पाच दिवस येणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण तो येतो तेव्हा घर सारवून, कौलं परतून तयार असतं.

आणि 3 जून 2020. निसर्ग वादळात आमच्या पट्ट्यातली आगरं अक्षरशः आडवी झाली. पोफळ नवी लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, नारळाला पण वेळ लागतो. ज्याचं वर्षाचं पोट आगरावर होतं त्याने मधली वर्षं काय करायचं?

खळ्यातला

तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं वाचून काल रात्री मोठ्या काकांना फोन केला. तिथे तेच राहत होते, आजीबरोबर. कविता ऐकवली नाही. वादळाच्या दिवसाचं विचारलं, एवढंच. पाच वर्षांत मी ते कधी विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, दुपारी वारा वाढला तेव्हा आजीला माजघरात भिंतीशी बसवली आणि वर गादी धरली. संध्याकाळी बाहेर आले तर आगरात उजेड होता. आमच्या आगरात दिवसाही सावली असायची. 210 पोफळींपैकी 160च्या वर पडल्या होत्या. खळ्यात कौलांचा खच. टाळेबंदी होती, मुंबईहून कुणाला येता येत नव्हतं. आठवडाभर ते एकटे शाबूत कौलं वेचून गडग्याला लावत होते. ताडपत्री तिसऱ्या दिवशी मिळाली, तोवर आजीची गादी भिजली. त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं, पण आजोबांच्या जागेचं बोलायला तोंड होत नव्हतं म्हणून पुढची चार वर्षं निभावली.

मी दुसरं कडवं खोडलं. पैशाची ओळही.

पाटावरवंटा, राग मला आला होता हे खरं आहे. पण तो ज्यांच्यावर होता, ते तेव्हा खळ्यात कौलं वेचत होते.

सांजवात

आता तुझ्याजवळ खरी कविता आहे. अंगणाला तू वर 'खळं' म्हणालास, तेच वापर. घरात शिर आणि एकेका खोलीत डोळ्यांना काय दिसतं ते बघ. पायरी, भिंत, चूल, पाण्याची जागा. प्रत्येक ठिकाणी एकच वस्तू आणि तिच्याजवळचं एकच माणूस. चाळीस माणसांना ऐकवायचं तर पाच कडवी पुष्कळ झाली.

वाचताना अष्टाक्षरी दोन चालींत पडते. 'चार-चार' तुटली की पाळण्यासारखी सरळ झुलते. 'तीन-तीन-दोन' तुटली की थोडं वळण घेते. सगळ्या ओळी चार-चारच्या केल्यास तर लहान मुलांच्या बडबडगीतासारखं होईल. दोन्ही मिसळ.

आणि पाटावरवंटांचं ओवीचं सोडू नकोस. आजीला विचार, तिला एखादी येत असेल.

कौलारू

एक व्यवहाराची गोष्ट. भाद्रपदातली रात्र आहे. ओटीवर वाचायला बसलात आणि सर आली, तर कौलांवरच्या पावसात शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. माजघरात बसा, वर माळा असेल तर आवाज अडतो. आजीला ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला उभे राहा.

सातबारा_आधी

मी मुद्दा सोडून लिहिलं, माफ करा. मला वाटलं व्यवहारात काही अडकलंय. पण चार सह्या आहेत हे वाचून बरं वाटलं. माझ्या मामेबहिणींना तेवढंच हवं होतं, कुणीतरी विचारायला हवं होतं.

खळ्यातला

आजीला ओवी विचारली. 1955 साली ती या घरात लग्न होऊन आली, सतरा-अठरा वर्षांची. पहिल्या वर्षी जात्यावर तिने स्वतः जुळवलेली एक सांगितली, फोनवरच, अडखळत:

आले लुगड्याच्या घोळी, उंबऱ्याच्या गं आत
सासूबाईंनी दिली, हाती समईची वात

ही तिने म्हणायची आणि मग मी सुरू करायचं असं ठरवलंय. आता कविता. दिवसभर बोटं मोडतोय.

बेडे काढून आत ये
पायरीला हात लाव
चिरा मधे झिजलेला
त्यात पावलांचा ठाव

माजघराच्या भिंतीत
सदुसष्टची ती चीर
आजी तिच्यात ठेवते
सुई, दोरा आणि धीर

वादळाच्या संध्याकाळी
काका एकटे खळ्यात
कौल कौल वेचतात
आम्ही नव्हतो गावात

आत्या सासरी निघता
आजी भरे तिची ओटी
चार सह्यांत तिचीही
अक्षरे सर्वांत मोठी

उद्या किल्ली देण्याआधी
दोण भरून ठेवावी
येणाऱ्यांना पायांवर
थंड ओंजळ मिळावी

चीर म्हणजे कोयनेच्या भूकंपाची. 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचार-साडेचारची वेळ. बाबा तेव्हा पाळण्यात होते. आजोबा ती लिंपून घेणार होते, आजीने लिंपू दिली नाही. दोण म्हणजे न्हाणीघराबाहेरची दगडी, रहाटाचं पाणी पन्हळीतून तिच्यात पडायचं.

सांजवात

'सुई, दोरा आणि धीर' ही ओळ आता अजिबात हलवू नकोस. दोन वस्तू हातात घेता येतात, तिसरी येत नाही, आणि तिघी एकाच चिरेत राहतात.

दोन शंका. 'ओटी' आणि 'मोठी' हे यमक कच्चं आहे, ट आणि ठ. आणि तिसऱ्या कडव्यात पहिल्या दोन ओळी गेल्या दिवसातल्या, 'वेचतात' मात्र आजचं. मोजायला आठच आहे, पण काळ उडी मारतो.

पाटावरवंटा

मला 'वेचतात'च आवडलं. काका अजून वेचतच आहेत असं वाटतं. यमकाचं म्हणाल तर ऐकताना कोणाला कळणार ट आणि ठ?

सांजवात

मला कळेल.

खळ्यातला

ताई, ओटी ठेवतोय. आत्या निघताना आजी तिला ओटीवरच बसवते आणि तिथेच ओटी भरते. तो शब्द मला दुसरीकडे नेता येत नाही. यमक कच्चं राहिलं तर राहू दे. 'वेचतात'चं अजून ठरत नाही.

आणखी एक अडलंय. तिसरं कडवं काकांना आधी दाखवू की तिथेच ऐकवू?

लांबचा_पल्ला

आधी दाखवा. माझ्या काकांना कुणी दाखवलं असतं तर ते उठले नसते असं मला आजही वाटतं.

कौलारू

मी दाखवणार नाही. आधी दाखवलंत तर ते 'माझं नाव काढ' म्हणतील. आमच्याकडची त्या पिढीची माणसं तशीच. चाळीस जणांसमोर एकदा ऐकू देत.

सातबारा_आधी

दाखवा.

खळ्यातला

काल रात्री वाचली. तीन दिवस इथे नेटवर्क नव्हतं, आत्ता दापोलीत येऊन लिहितोय.

पाऊस होता, म्हणून माजघरात बसलो. चाळीस नाही, त्रेचाळीस जण झाले. आजीने ओवी म्हटली, दुसऱ्या ओळीला विसरली तर आत्याने उचलून दिली. आत्याला ती येत होती हे मला माहीत नव्हतं.

काकांना आधी दाखवली नाही. तिसऱ्या कडव्याला ते खाली बघत होते. कविता संपल्यावर काही बोलले नाहीत. मुलं पांगल्यावर त्यांनी माझ्याकडे तो कागद मागितला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. बरोबर केलं की चूक, अजून समजत नाही.

आजीने मात्र दुसऱ्या कडव्यालाच मला थांबवलं. 'दोरा नाही रे. दोरा डब्यात असतो. चिरेत सुई आणि तिकिटं.' कुठली तिकिटं? तिने भिंतीकडे बोट केलं. धाकट्या भाचीचं बोट बारीक, तिने घालून काढली. एसटीची जुनी तिकिटं, गुंडाळलेली, काही इतकी पिवळी की छाप उरलेली नाही. बाबा, काका आणि आत्या सुट्टी संपून परत जाताना आजी त्यांना गाडीत बसवून यायची. ते गावाला येताना काढलेलं तिकीट तिच्या हातात देऊन जायचे, आणि ती घरी येऊन ते चिरेत ठेवायची. सत्तावीस निघाली. आत्याने ती पदरात घेतली.

रात्री झोपताना पुन्हा बोटं मोडली. 'सुई, तिकिटं नि धीर.' आठ भरतात.